हवेतला पोरगा आणि वाकडा खांब

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका आखाड्यासाठी आम्ही दोन सेकंदांचं एक दृश्य केलं. मल्लखांब करणारा एकोणीस वर्षांचा पोरगा धावत येऊन उडी घेतो. हात खांबापासून वीतभर अंतरावर असताना तो हवेतच थांबतो. पायाखालून उडालेली लाल माती त्याच्या मागे ढेकळा-ढेकळांनी लोंबकळत राहते. कॅमेरा मात्र थांबत नाही, तो पोराच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरून जातो. मग काळ परत सुरू होतो आणि पोरगा खांबाला चिकटतो. इंग्रजी सिनेमामुळे याला सगळे ‘बुलेट टाइम’ म्हणतात. हे दृश्य आणि त्याच्या जोडीची आणखी दोन, यांपायी आमच्या चार रात्री आणि जवळजवळ तीन आठवडे गेले. त्यात दोन चुका अशा झाल्या, की पडद्यावर त्या एकसारख्याच दिसत होत्या, पण मुळं अगदी वेगळी होती. हे प्रकरण त्या दोन चुकांचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. यात एकही कॅमेरा फिरत नाही. माणूस हवेत असताना त्याच्याभोवती चाप काढून कॅमेरा पळवणं शक्यच नाही. तेवढ्या वेळात तो खाली आलेला असतो. म्हणून चापावर ओळीने स्थिर कॅमेरे मांडायचे, सगळ्यांनी एकाच क्षणी एकेक फोटो काढायचा आणि ते फोटो क्रमाने सिनेमासारखे पळवायचे. पहिल्या कॅमेऱ्याचा फोटो ही पहिली चौकट, शेजारच्याचा दुसरी. आपण पाहतो ती हालचाल एका कॅमेऱ्याची नसते, कॅमेऱ्यांच्या रांगेची असते. कल्पना जुनी आहे. १८७८ साली म्यूब्रिज नावाच्या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्यासाठी ओळीने कॅमेरे लावले होते. फक्त ते एकामागून एक उडत होते, त्यामुळे घोड्याची चाल टिपली गेली. तेच एकदम उडवले की चाल गोठते आणि कोन बदलत राहतो. १९९९ च्या ‘द मेट्रिक्स’मध्ये सुमारे १२० स्थिर कॅमेरे होते आणि ते अगदी बारीक अंतराने एकामागून एक उडवले होते, म्हणून तिथे काळ पूर्ण न थांबता रांगतो. आम्हाला रांगणं नको होतं, पूर्ण थांबणं हवं होतं. ऐकायला ते सोपं वाटतं.

एवढे कॅमेरे आणायचे कुठून, हा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर पंचांगाने दिलं. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत गुजरातेत कमुरतां असतात, म्हणजे आपला धनुर्मास. लग्नं नाहीत, त्यामुळे लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या बॅगा कपाटात पडून असतात. रावपुऱ्यातल्या आणि मांडवीतल्या ओळखीच्या फोटोग्राफरांकडून चोवीस कॅमेरे जमले. सगळे एकाच कंपनीचे साधे डीएसएलआर, पण मॉडेलं तीन. सगळ्यांना किटमध्ये येणारी १८-५५ ची लेन्स. बदल्यात मी प्रत्येकाला सेन्सर साफ करून देईन असं कबूल केलं. त्या बोलीचा मला पुढे बराच पश्चात्ताप झाला.

चोवीस कॅमेऱ्यांत किती अंश फिरायचं हे आधी ठरवावं लागतं. लोभ पूर्ण गोलाचा होतो. पण चोवीस कॅमेरे पूर्ण गोलावर लावले तर दोन कॅमेऱ्यांत पंधरा अंश पडतात, आणि मग पडद्यावर फिरणं न दिसता उड्या दिसतात. शिवाय समोरासमोरचे कॅमेरे आणि दिवे एकमेकांच्या चौकटीत येतात. आम्ही नव्वद अंशांवर थांबलो. चोवीस कॅमेऱ्यांत तेवीस अंतरं, म्हणजे प्रत्येकी ३.९ अंश. त्रिज्या साडेचार मीटर धरली, म्हणजे दोन लेन्समधलं अंतर सुमारे ३१ सेंटिमीटर. चाप काढायला खांबाला सुताचा सैल फास घातला आणि दुसऱ्या टोकाला रांगोळीची पुडी धरून फिरलो. मंडपवाल्याकडून पाइप आणले, त्यावर प्लायच्या सहा फळ्या आणि प्रत्येक फळीवर चार कॅमेरे. प्रत्येक फळी पाणसळ ठेवून सपाट केली. लेन्स २४ वर आणून झूमच्या कड्याला चिकटपट्टी लावली. फोकस हाताने, छिद्र एफ ८. इतकं केलं की दोन मीटरपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं स्पष्ट येतं आणि फोकसची चिंता उरत नाही. रंगाचं संतुलन सगळीकडे एकच आकडा टाकून बांधून ठेवलं. एकाही कॅमेऱ्यात काहीही आपोआप होता कामा नये, कारण चोवीस कॅमेऱ्यांची आपोआप मतं चोवीस असतात.

कॅमेरे एकदम उडवण्यासाठी रिमोटच्या खाचेतून तारा काढल्या. त्या पिनला तीन जोड असतात. एक सामाईक, एक अर्ध्या दाबाचा, एक पूर्ण दाबाचा. चोवीस कॅमेऱ्यांचे जोड सरळ एकमेकांना जोडायचे नाहीत. एकाची गडबड सगळ्यांना भोवते. म्हणून प्रत्येकामध्ये एकेक ऑप्टोकपलर घातला, म्हणजे तारा न जोडता प्रकाशाने सिग्नल पोचवणारा छोटा भाग, आणि सगळे एका आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट-पट्टीला दिले. उडवण्याआधी दोन सेकंद अर्धा दाब धरून ठेवायचा. नाहीतर झोपलेला कॅमेरा जागा होईपर्यंत पोरगा घरी जेवायला गेलेला असतो.

पहिल्या रात्री मोठे हॅलोजन लावले, शटर एक पाचशेअंश सेकंद, आणि प्रशिक्षकांच्या हातात बटण दिलं. त्यांना सगळे दादा म्हणतात. सत्तरीचे आहेत, उडीचा कळस त्यांच्याइतका अचूक कुणालाच दिसत नाही. पंधरा उड्या झाल्या. मध्यरात्री कार्डं काढली. या मॉडेलांची कार्डं बॅटरीच्या खणात, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाशी असतात, त्यामुळे कार्ड काढायला कॅमेरा फळीवरून सोडवावा लागतो. याची किंमत पुढे मोजली. फोटो क्रमाने नावं देऊन एका ओळीत जोडून पाहिले:

```
ffmpeg -framerate 12 -i cam_%02d.jpg -vf scale=1280:-2 -pix_fmt yuv420p pahani.mp4
```

पाहणी निराशेची होती. चित्र फिरत होतं, पण पोरगा थरथरत होता. हात खांबाच्या जवळ जायचा, मागे यायचा, परत जवळ जायचा. जणू थंडी वाजून आली आहे. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की कॅमेरे नीट रोखलेले नाहीत, फोटो एकमेकांवर बसवून घेतले की होईल. संगणकावर फोटो सरकवत तो पहाटेपर्यंत बसला. थरथर गेली नाही.

तेव्हा मी एक साधी गोष्ट पाहायला हवी होती, ती दुसऱ्या दिवशी पाहिली. थरथरतंय कोण? खांब थरथरतोय का, भिंत थरथरतेय का, की फक्त पोरगा? रोखण्याची चूक असेल तर चौकटीतलं सगळंच एकत्र हलतं. खांब, भिंत, माणूस, कोनाड्यातला मारुती, सगळं. आमच्या चित्रात फोटो बसवल्यावर खांब आणि भिंत शहाण्यासारखी फिरत होती, फक्त पोराचं अंग आणि माती मागेपुढे होत होती. म्हणजे जागेची चूक नव्हती, वेळेची होती. काही कॅमेऱ्यांनी पोराला थोडा आधी पाहिलं होतं, काहींनी थोडा नंतर.

किती आधी आणि किती नंतर, ते मोजायला एक फळी केली. दहा एलईडींची एक ओळ, त्यातला प्रत्येक दिवा एकेक मिलिसेकंद पेटतो. खाली दुसरी ओळ, ती दहा-दहा मिलिसेकंदांची. चोवीस कॅमेरे एकेक करून फळीसमोर आणले, दर वेळी तोच सिग्नल दिला, एक हजारांश सेकंदाचा फोटो काढला आणि कोणते दिवे पेटलेले आले ते वाचलं. फळी चौकटीच्या बरोबर मध्यावर धरावी लागते. कारण अशा वेगात शटर पूर्ण उघडत नाही, दोन पडद्यांमधली फट वरून खाली सरकत जाते, आणि चौकटीचा वरचा भाग खालच्यापेक्षा काही मिलिसेकंद वेगळ्या वेळी टिपला जातो. एकाच मॉडेलच्या कॅमेऱ्यांत फरक चार-सहा मिलिसेकंदांचा निघाला. पण सर्वांत घाईचा आणि सर्वांत आळशी यांच्यात ३४ मिलिसेकंद होते. पोरगा उडीत सेकंदाला दोन-तीन मीटर पुढे जातो. ३४ मिलिसेकंदांत तो सात ते दहा सेंटिमीटर सरकतो. वीतभर अंतर दाखवायचं असताना अर्धी वीत अशीच गेली.

यावर सरळ उपाय म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याचा आळस मोजून सिग्नल तेवढा आधी-नंतर द्यायचा. तसा प्रयत्नही केला. अर्धा फरक गेला, अर्धा राहिला, कारण कॅमेऱ्याचा आळस दर वेळी सारखा नसतो. आरसा वर जातो, झडप पडते, हे सगळं यांत्रिक काम आहे. थंडीत आणि बॅटरी उतरल्यावर ते बदलतं. मग डोक्यात आलं ते जुन्या काळातल्या अंधाऱ्या खोलीतल्या फोटोग्राफरांना नवं नव्हतं. कॅमेऱ्यांना एकाच क्षणी डोळे उघडायला सांगायचंच कशाला? सगळ्यांचे डोळे आधीच उघडे ठेवावेत आणि प्रकाश एकाच क्षणी पाडावा. अंधारात शटर पाव सेकंद उघडं ठेवलं, तर कोणता कॅमेरा ३४ मिलिसेकंद उशिरा उघडला याला काही अर्थ राहत नाही. सगळे उघडे असताना मधोमध एकदा फ्लॅश पडला की चोवीसही कॅमेऱ्यांवर तोच क्षण उमटतो. क्षण कॅमेरा ठरवत नाही, फ्लॅश ठरवतो. सरकत्या फटीची भानगडही जाते, कारण पाव सेकंदात शटर पूर्ण उघडलेलं असतं.

आर्डुइनोतला बदल दोन ओळींचा होता:

```
digitalWrite(CAM, HIGH);
delay(150);
digitalWrite(FLASH, HIGH);
```

दीडशे मिलिसेकंदांत सर्वांत आळशी कॅमेराही उघडतो आणि सर्वांत घाईचा अजून मिटलेला नसतो. दादांना बटण तेवढं आधी दाबावं लागणार होतं. पायानं जमीन सोडल्यापासून कळसापर्यंत पोराला साधारण तीनशे मिलिसेकंद लागतात, म्हणजे उडीच्या निम्म्या चढावर दाबायचं. ते दोन-चार उड्यांत त्यांना जमलं. “ताल आहे तो, त्यात शिकायचं काय,” म्हणाले.

फ्लॅशमध्येही एक खोच आहे. आमच्याकडे स्टुडिओचे दोन मोठे दिवे होते आणि लग्नवाल्यांचे सहा छोटे, कॅमेऱ्यावर बसणारे. हात साहजिकच मोठ्यांकडे गेला. पण मोठा दिवा पूर्ण ताकदीने पेटला की त्याची चमक उतरायला वेळ लागतो, आणि त्या शेपटीत मातीच्या ढेकळांना रेघा फुटतात. बऱ्याच स्टुडिओ दिव्यांची ताकद कमी केली तर चमक आणखी लांबते. छोट्या फ्लॅशचं उलट असतं. तो ताकद कमी करताना चमक मधेच तोडतो. म्हणून एक अष्टमांश ताकदीवर तो एक हजारांश सेकंदाच्याही बऱ्याच आत विझतो, आणि तेवढ्या वेळात माती मिलिमीटरभरही सरकत नाही. सहा छोटे फ्लॅश, एक अष्टमांश ताकद, आयएसओ ८००, एफ ८, असं गणित बसलं. दिवे कॅमेऱ्यांच्या मागे आणि वर, म्हणजे एकाही चौकटीत येणार नाहीत असे. कॅमेऱ्याचे स्वतःचे फ्लॅश मात्र घालायचेच नाहीत. नाहीतर चोवीस कॅमेरे एकमेकांवर विजा पाडतात.

इथे दादांनी हात वर केला, आणि बरोबरच केला. अंधारात उडी मारायची, आणि खांब पकडायच्या क्षणी डोळ्यांवर लख्ख वीज? खांबाला एरंडेल लावलेलं असतं. पकड हुकली तर कपाळमोक्षच. आम्ही फोटोच्या बाजूने फार विचार केला होता, पोराच्या बाजूने अजिबात नाही. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. पूर्ण अंधार करायचा नाही. एक मंद पिवळा बल्ब कोपऱ्यात ठेवायचा. पाव सेकंदात त्याचा प्रकाश फ्लॅशपेक्षा पाच पायऱ्या, म्हणजे पाच वेळा निम्मा केल्याइतका, खाली राहील इतपतच, म्हणजे फोटोत तो जवळजवळ दिसत नाही, पण पोराला खांबाची आकृती दिसते. खांबाला दोन पांढरी कडी लावायची, एक जमिनीपासून एक मीटरवर, दुसरं दोन मीटरवर. ती पोराला अंधारात दिसतात, आणि पुढे आम्हालाही उपयोगी पडणार होती. आणि दिवे पोराच्या पाठीशी आणि कुशीला ठेवायचे, खांबाकडे बघणाऱ्या डोळ्यांत सरळ एकही येऊ नये. एवढं झाल्यावर दादांनी आधी पोराला डोळे बांधून दहा उड्या मारायला लावल्या. डोळ्यांवर पट्टी बांधून मल्लखांब करायची रीत आहेच. दहाच्या दहा पकडी बसल्या, तेव्हा कुठे ते म्हणाले, “हां, आता पाड तुझी वीज.” खाली गाद्या होत्या, त्या चौकटीत येतात म्हणून मी कुरकुरलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या रात्री सतरा उड्या झाल्या, त्यातल्या पाच चांगल्या आणि एक अप्रतिम. हात खांबापासून बरोबर वीतभर, डावा पाय मागे ताणलेला, आणि मातीचं एक मोठं ढेकूळ टाचेखाली तीन तुकड्यांत फुटताना. शरीराची थरथर पूर्ण गेली. चोवीसही फोटोंत तोच क्षण. एक-दोन फोटोंत अंगावरच्या तेलाला लागून बल्बची पुसट सावली उमटली होती, ती सहज पुसता आली. मी घरी जाऊन निवांत झोपलो.

फोटो बसवायचं काम दुसऱ्या दिवशी. मी ठरवलेली पद्धत मला फार हुशारीची वाटत होती. एरवी या कामासाठी चापाच्या केंद्रात एक काठी उभी करून सगळे कॅमेरे तिच्यावर रोखतात आणि नंतर फोटोही तिच्यावर जुळवतात. आमच्याकडे केंद्रात खांब होताच. त्यावरची दोन पांढरी कडी गोल आहेत, कोणत्याही बाजूने त्यांचा मध्य एकच. प्रत्येक फोटोत वरच्या कड्याचा मध्य एका ठरावीक बिंदूवर आणि खालच्याचा दुसऱ्या ठरावीक बिंदूवर आणायचा. दोन बिंदू जुळले की फोटो किती सरकवायचा, किती फिरवायचा आणि किती लहान-मोठा करायचा, तिन्ही एकदम ठरतं. लेन्सच्या २४ चे आकडे प्रत्येकाचे थोडे वेगळे असतात, तेही यात निघून जातात. पट्टी लावून बांधलेल्या झूममध्येसुद्धा मला दोन टक्क्यांपर्यंत फरक सापडला.

चोवीस फोटो बसवले, पळवले, आणि पोटात ढवळलं. खरोखरच ढवळलं. खांब चौकटीत खिळ्यासारखा स्थिर, पोरगा स्थिर, आणि मागची भिंत होडीसारखी डोलतेय. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर गेरूचा पट्टा आहे. तो सुरुवातीला डावीकडे कललेला, मध्ये आडवा, शेवटी उजवीकडे कललेला. सहकारी परत म्हणाला, वेळेची चूक राहिली असेल. पण इथे तो धडा कामाला आला. पोरगा हलत नव्हता, म्हणजे वेळ बरोबर होती. थरथरही नव्हती. हा एका दिशेने जाणारा संथ हेलकावा होता. थरथर म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याची आपली वेगळी चूक. हेलकावा म्हणजे सगळ्यांवर लादलेली एकच चूक, जी कोनाबरोबर बदलते.

ती चूक मीच लादली होती. मी प्रत्येक फोटोत खांब उभा केला होता. आणि खांब उभा नव्हता.

हे दादांना सांगितलं तर ते चिडले. “चाळीस वर्षं रोज बघतोय. ओळंब्यात आहे खांब.” ओळंबाच आणला. दोन कड्यांमधल्या एका मीटरमध्ये खांब तीन सेंटिमीटर कलला होता, म्हणजे सुमारे १.७ अंश. कल कुठे? बरोबर दाराच्या दिशेने. आमचे मधले कॅमेरेही दाराकडेच होते, जागा तिथेच मोकळी होती म्हणून. दारातून पाहणाऱ्याकडे खांब झुकलेला असेल, तर त्याला तो कलला आहे हे दिसत नाही. सरळच दिसतो. आणि आखाड्यात सगळे दारातूनच येतात. दादांनी एकदा बाजूने जाऊन पाहिलं, एकदा ओळंब्याकडे, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता गणित समजलं. मधल्या कॅमेऱ्याला कल शून्य दिसतो. पंचेचाळीस अंश बाजूला असलेल्या टोकाच्या कॅमेऱ्याला १.७ च्या सुमारे सात दशांश, म्हणजे १.२ अंश. एका टोकाला डावीकडे, दुसऱ्या टोकाला उजवीकडे. मी प्रत्येक फोटो खांबाला उभा करण्यासाठी तेवढा फिरवला, म्हणून भिंत पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत सुमारे अडीच अंश डोलली. अडीच अंश कागदावर काहीच नाहीत. पण दोन सेकंदांत आडवी रेघ अडीच अंश फिरली की डोळ्याला जमीन हलल्यासारखी वाटते.

परत चित्रण करायचं का, हा प्रश्न होता. ती अप्रतिम उडी दुसऱ्या रात्रीची होती, आणि तशी परत होईल याची खात्री पोरगाही देत नव्हता. परत करायची गरज पडली नाही. खांब किती आणि कुठे कलला आहे हे आता माहीत होतं, म्हणून प्रत्येक फोटोत खांब किती तिरका दिसायला हवा हेही काढता येत होतं:

```
θ = 1.7° × sin(φ)
```

φ म्हणजे तो कॅमेरा मधल्या रेषेपासून किती अंशांवर आहे ते. पहिल्या कॅमेऱ्याला उणे १.२, सहाव्याला उणे ०.७ च्या आसपास, मधल्या दोघांना जवळजवळ शून्य, चोविसाव्याला अधिक १.२. दोन कड्यांना उभ्या रेषेवर न आणता या तिरक्या रेषेवर आणलं. गेरूचा पट्टा जागेवर बसला. खांब आता चौकटीत किंचित झुकताना दिसतो, आणि तो तसाच दिसायला हवा, कारण आपण त्याच्याभोवती फिरतो आहोत.

तिसऱ्या आणि चौथ्या रात्री आखाड्यातल्या लहान मुलांची दोन दृश्यं घेतली. त्या वेळी खांबावर विसंबलो नाही. आढ्याच्या तुळईला ओळंबा टांगला, पोरगा जिथे हवेत असणार त्या जागी, खांबाच्या हातभर अलीकडे. सुतात टेबल टेनिसचे दोन चेंडू ओवले. चेंडू सर्व बाजूंनी गोलच दिसतो आणि ओळंबा खोटं बोलत नाही. उड्यांच्या आधी चोवीस कॅमेऱ्यांनी या सुताचा एक संच काढला, मग सूत बाजूला केलं. फोटो जुळवायचे ते या संचावरून, आणि तेच आकडे उडीच्या फोटोंना जसेच्या तसे लावायचे. अट एकच, मधल्या काळात एकाही कॅमेऱ्याला हात लागता कामा नये. इथेच ते तळातलं कार्ड आडवं आलं. कार्ड बदललं की कॅमेरा सुटतो आणि संच वाया जातो. म्हणून पूर्ण चार्ज बॅटरी, मोठी कार्डं, आणि नजर ठेवायला फक्त तीन कॅमेरे तारेने लॅपटॉपला जोडलेले. रात्र संपल्यावर सूत परत टांगून दुसरा संच घ्यायचा. दोन्ही संच जुळले तर मधलं सगळं विश्वासाचं. चौथ्या रात्री अकरावा कॅमेरा जुळला नाही. कुणाचा तरी पाय तारेत अडकला होता. त्या दृश्यात अकरावी चौकट हाताने बसवली.

राहिला वेगाचा प्रश्न. चोवीस फोटो सेकंदाला पंचवीसने पळवले तर खेळ एका सेकंदात संपतो. बाराने पळवले तर दोन सेकंद मिळतात, पण पावलं जाणवतात. मधल्या चौकटी संगणकाकडून बनवून घेता येतात. तो शेजारच्या दोन फोटोंत कोणता ठिपका कुठून कुठे गेला ते शोधतो आणि मधली जागा भरतो. अंगाच्या बाबतीत हे छान जमलं. मातीच्या बाबतीत फसलं. दोन शेजारच्या कॅमेऱ्यांत, खांबापासून अर्ध्या मीटरवरचं ढेकूळ तीन-साडेतीन सेंटिमीटर सरकलेलं दिसतं. ढेकळं स्वतः एक-दोन सेंटिमीटरची आणि सगळी सारख्याच रंगाची. संगणक एका ढेकळाची जोडी शेजारच्या भलत्याच ढेकळाशी लावतो आणि मधल्या चौकटीत माती धुरासारखी विरघळते. हात खांबाच्या पुढून जातो तिथे खांबाची कडाही रबरासारखी वाकते. ही चूक ओळखायची तर चित्र चालू असताना ओळखता येत नाही. एकेक चौकट थांबवून पाहावी लागते. आम्ही प्रत्येक अंतरात एकच चौकट बनवून घेतली, सत्तेचाळीस चौकटी, पावणेदोन सेकंदांहून थोडं जास्त. त्यातली मातीची जागा मात्र जवळच्या खऱ्या फोटोतलीच ठेवली. त्यामुळे माती अंगापेक्षा जरा ठसक्याने सरकते. बघणाऱ्याला कळत नाही, मला दर वेळी कळतं.

दादांनी ते दृश्य सात-आठ वेळा पाहिलं. पोराचा उजवा खांदा उडीत आधीच वर चढतो, हे त्यांना कधीपासून वाटत होतं, पण समोरून दिसत नव्हतं. एकोणिसाव्या चौकटीत ते दिसलं. खांबाचं मात्र त्यांनी अजून काही केलेलं नाही. उन्हाळ्यात उपसून परत रोवू म्हणतात.

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी सगळे कॅमेरे साफ करून परत दिले. दोन दिवसांनी मांडवीहून एकाचा फोन आला. कमुरतांनंतरचं पहिलंच लग्नाचं काम होतं त्याचं. “भाई, लेन्स चोवीसच्या पुढे जातच नाही.” चिकटपट्टी काढायची राहिली होती.